चुकांची वही: काही महिन्यांच्या वापरानंतर टीममधल्या ज्युनिअरला लिहिलेलं पत्र

आमच्या टीममधली एक ज्युनिअर एडब्ल्यूएसच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेची तयारी करतेय. तिला लिहिलेलं हे पत्र. परीक्षेआधी मी काही महिने चुकांची वही ठेवली होती, नंतर टीममधल्या आणखी दोघांनी ठेवली. त्या वापरातून जे टिकलं आणि जे गळून पडलं, तेच यात आहे. या परीक्षेला बसणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल म्हणून इथे देतोय.

---

क्विझचे मार्क एका जागी अडकलेत म्हणून तू वैतागली आहेस. काल तुझ्या क्विझचा रिव्ह्यू आपण दोघांनी उघडला तेव्हा माझं लक्ष मार्कांकडे नव्हतं. चुकलेल्या प्रश्नाखालचं स्पष्टीकरण तू भराभर वाचत होतीस, मान डोलावत होतीस आणि पुढे जात होतीस. स्पष्टीकरण वाचताना सगळं पटतं, आणि पटलं की येतंय असं वाटायला लागतं. पुढच्या आठवड्यात तोच मुद्दा वेगळ्या गोष्टीत गुंडाळून आला की हात पुन्हा त्याच पर्यायाकडे जातो.

म्हणून वही ठेव. एक्सेल शीट चालेल, कागदाची वही चालेल. मी शीट ठेवली होती, कारण तिच्यात शोधता येतं. पण ‘प्रश्न, माझं उत्तर, बरोबर उत्तर’ असे तीन रकाने करणार असशील तर सुरूच करू नकोस. तसली वही महिनाभरात जाडजूड होते आणि पुन्हा कुणी उघडत नाही. आमच्यातल्या एकाने सुरुवातीला तीच ठेवली होती. तीच क्विझ पुन्हा दिली की त्याचे मार्क भरपूर वाढायचे, नवी क्विझ आली की जिथल्या तिथे. त्याला प्रश्न पाठ झाले होते.

कालचाच तुझा प्रश्न घेऊ. खासगी सबनेटमधल्या ईसी२ सर्व्हरवरून रोज मोठ्या फाइल्स त्याच रीजनमधल्या एस३ बकेटमध्ये जातात. हे ट्रॅफिक खासगी राहायला हवं आणि खर्च कमीत कमी हवा. तू इंटरफेस एंडपॉइंट निवडलास, बरोबर उत्तर होतं गेटवे एंडपॉइंट. तुझं उत्तर अगदी अडाणी नव्हतं. नॅट गेटवे तू बरोबर बाद केलास, एंडपॉइंट हवा हेही ओळखलंस. घोळ शेवटच्या पावलावर झाला.

वहीत पहिली ओळ अशी यायला हवी: ‘खासगी सबनेटमधून त्याच रीजनमधल्या एस३पर्यंत कसं जायचं?’ प्रश्न जसाच्या तसा उतरवायचा नाही, फक्त ठरवायचं काय होतं ते लिहायचं. शब्द उतरवले की डोळ्यांना शब्दच लक्षात राहतात.

दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कंटाळवाणी: मी हे का निवडलं? इथे ‘लक्ष नव्हतं’ किंवा ‘गडबडीत’ असं लिहू नकोस, त्यातून पुढे काही हाती लागत नाही. इंटरफेस एंडपॉइंट प्रायव्हेटलिंकवर चालतो, आणि काल मी विचारल्यावर तू म्हणालीस, “खासगी म्हटल्यावर मला प्रायव्हेटलिंक आठवलं.” हेच लिहायचं. ‘खासगी’ या शब्दावर उडी मारली, ‘कमीत कमी खर्च’ ही अट निवडीपर्यंत पोचलीच नाही. हे कारण क्विझच्या स्पष्टीकरणात कधीच मिळणार नाही, कारण ते तुझ्या डोक्यात घडलेलं असतं. ते त्याच दिवशी लिहावं लागतं. दुसऱ्या दिवशी आपण आपल्यालाच सोयीचं कारण देतो.

तिसरी ओळ: निकाल कोणत्या अटीने लागला? दोन्ही एंडपॉइंटनी ट्रॅफिक खासगी राहतं, म्हणजे ती अट दोघांत निवड करतच नाही. निवड करते ती खर्चाची अट. एस३साठीच्या गेटवे एंडपॉइंटला तासाचंही भाडं नाही आणि डेटाचंही. इंटरफेस एंडपॉइंटला दर तासाला आकार लागतो, तोही प्रत्येक अव्हेलेबिलिटी झोनमागे, आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीमागे वेगळा.

बहुतेक जण इथे थांबतात. थांबू नकोस, कारण खरी गंमत चौथ्या ओळीत आहे: मी निवडलेला चुकीचा पर्याय कोणत्या प्रश्नाचं बरोबर उत्तर झाला असता?

याचं उत्तर शोधायला डॉक्युमेंटेशन उघडावंच लागतं. गेटवे एंडपॉइंट म्हणजे रूट टेबलमधली एक ओळ. कन्सोलमध्ये ती अशी दिसते:

```
Destination        Target
pl-xxxxxxxx        vpce-xxxxxxxx
```

`pl-` म्हणजे एस३च्या पत्त्यांची यादी, आणि तिकडे जाणारं ट्रॅफिक `vpce-` कडे वळव, एवढंच ती ओळ सांगते. सबनेटमध्ये या एंडपॉइंटचा स्वतःचा आयपी पत्ता नसतो. त्यामुळे हे रूट टेबल ज्या सबनेटला जोडलंय, त्यातून निघणाऱ्या ट्रॅफिकलाच त्याचा उपयोग. कंपनीच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधून डायरेक्ट कनेक्ट किंवा व्हीपीएनमार्गे येणाऱ्या ट्रॅफिकला ही वाट सापडत नाही. पिअरिंग केलेल्या दुसऱ्या व्हीपीसीलाही नाही. इंटरफेस एंडपॉइंट मात्र सबनेटमध्ये एक नेटवर्क इंटरफेस बसवतो, त्याला खासगी आयपी असतो, आणि त्या आयपीपर्यंत बाहेरच्या खासगी जोडणीवरूनही पोचता येतं. त्याचेच पैसे.

म्हणजे चौथी ओळ झाली: ‘तेच ट्रॅफिक डेटा सेंटरमधून डायरेक्ट कनेक्टने आलं असतं, तर इंटरफेस एंडपॉइंट बरोबर.’ या एका ओळीने तुझ्याकडे आता दोन प्रश्नांची उत्तरं आहेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन्ही उत्तरांमागचं कारण एकच आहे, ते वेगवेगळं पाठ करावं लागत नाही.

चौथी ओळ नसली की काय होतं तेही सांगतो, कारण वापरात सगळ्यात जास्त नुकसान इथेच दिसलं. माणूस नियम फार रुंद लिहून ठेवतो. ‘एस३ म्हणजे गेटवे एंडपॉइंट’ असं लिहिलं की डेटा सेंटरवाला प्रश्न चुकतो, आणि तोही पूर्ण आत्मविश्वासाने. ‘मल्टी-एझेडमधला स्टँडबाय वाचायला मिळत नाही’ हेही असंच. आरडीएसच्या एका स्टँडबायच्या मल्टी-एझेडला ते लागू आहे, पण मल्टी-एझेड डीबी क्लस्टरमध्ये दोन स्टँडबाय असतात आणि दोन्ही वाचता येतात. वहीत ‘नेहमी’ किंवा ‘कधीच नाही’ असा शब्द आला की तिथे लाल खूण कर आणि अपवाद शोध.

तुक्का लागून बरोबर आलेला प्रश्नही वहीत येतो. क्विझ देतानाच खात्री नसलेल्या प्रश्नावर खूण करत जा. रिव्ह्यूमध्ये ते हिरवे दिसतात म्हणून सुटतात, आणि तुझ्या खऱ्या फटी तिथेच असतात.

क्विझच्या उत्तरसूचीवरही आंधळा विश्वास नको. जुन्या क्विझमध्ये अजून असे प्रश्न सापडतात की एस३मध्ये एखाद्या फाइलवर नवी आवृत्ती लिहिली तर वाचताना काही काळ जुनी मिळू शकते. डिसेंबर 2020पासून तसं होत नाही; लिहून झालं की लगेच पुढच्या वाचनाला नवंच मिळतं. असा प्रश्न ‘चुकला’ आणि तू उत्तरसूचीप्रमाणे वही भरलीस, तर बरोबर माहिती पुसून चुकीची बसवलीस. डॉक्युमेंटेशनमध्ये पाहिल्याशिवाय तिसरी ओळ लिहायची नाही, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला आणि त्याचा वेळ वसूल झाला.

आता उजळणी. वही नुसती वाचत बसायची नाही. आठवड्यातून एकदा तिसरी आणि चौथी ओळ झाक, पहिली वाच आणि एक अट स्वतः बदलून उत्तर दे. ‘तेच ट्रॅफिक, पण डायनॅमोडीबीकडे जायचंय?’ गेटवे एंडपॉइंट, कारण तो एस३ आणि डायनॅमोडीबी या दोघांनाच मिळतो. ‘एसक्यूएसकडे जायचंय?’ मग इंटरफेस. अट बदलूनही दोन वेगवेगळ्या आठवड्यांत कारणासकट बरोबर आलं, की ती नोंद खाली सरकव. पुसू नकोस.

काही आठवड्यांनी दुसऱ्या ओळी एकाखाली एक वाच. तुझ्या कालच्या क्विझवरून मला वाटतं की तुझ्या चुका माहिती नसल्यामुळे कमी आणि शेवटची अट सुटल्यामुळे जास्त आहेत. वहीतही तसंच दिसलं तर आणखी व्हिडिओ बघून काही होणार नाही. मग प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचायची सवय लाव. ‘कमीत कमी खर्च’, ‘कमीत कमी देखभाल’, ‘कमीत कमी बदल’ यांपैकी काय मागितलंय ते कळल्यावर वरची गोष्ट वाच. परीक्षेत 65 प्रश्न आणि 130 मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटं. सवय आधीपासून असेल तरच ती त्या दोन मिनिटांत चालते.

वहीच्या मर्यादाही सांगतो. तुझ्या क्विझमध्ये जे विचारलंच नाही, ते वहीत येणार नाही. म्हणून महिन्यातून एकदा परीक्षेच्या गाइडमधले चार विभाग समोर ठेव: सुरक्षा 30 टक्के, तग धरणारी रचना 26, कामगिरी 24, खर्च 20. ज्या विभागात नोंदी जवळपास नाहीत, तिथे तू पक्की आहेस की तिथले प्रश्नच कमी सोडवलेस, हे तपासायला हवं. आणि एखाद्या विषयात अर्ध्याहून जास्त प्रश्न चुकत असतील तर तिथे वही भरत बसू नकोस. तो विषय आधी नीट शीक, कन्सोलमध्ये करून बघ. मी एका विषयात तसं न करणाऱ्या सहकाऱ्याची वही पाहिली आहे; दुसऱ्या ओळीत सगळीकडे ‘माहीत नव्हतं’ एवढंच होतं.

वेळ जातो, हे खरंय. एका नोंदीला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात, कधी जास्तही. म्हणून एका बैठकीत क्विझ छोटी ठेव. वीस प्रश्न सोडवून सगळ्या नोंदी त्याच दिवशी पूर्ण झाल्या, तर ते पासष्ट प्रश्न सोडवून रिव्ह्यू उद्यावर टाकण्यापेक्षा मला जास्त पटतं. पूर्ण 65 प्रश्नांची सराव परीक्षा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांसाठी राखून ठेव. आणि त्या वेळी एकही प्रश्न रिकामा सोडू नकोस. चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात नाहीत, पण रिकामा प्रश्न चुकीचाच धरतात.

कालच्या क्विझमधल्या चुकलेल्या प्रश्नांपैकी तीन निवड, चारही ओळी लिही आणि शुक्रवारच्या आत मला शीट पाठव. मी उत्तरं तपासणार नाही, दुसरी आणि चौथी ओळ तेवढी वाचेन. एंडपॉइंटचा प्रश्न त्या तिनांत धरू नकोस, तो इथे झाला.