पेटी कॅशची इम्प्रेस्ट पद्धत : अकरा महिन्यांचा वापर आणि पाचशेच्या चिठ्ठीची कटकट

परवा भरपाईच्या वेळी डब्यात २७० रुपये कमी निघाले, म्हणून हे लिहायला बसलो. इम्प्रेस्ट म्हणजे काय ते सांगत बसत नाही. ठरीव रक्कम कारकुनाकडे आणि जेवढा खर्च तेवढीच भरपाई, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणारच. जागा जालन्यातलं बियाण्यांचं लहान ऑफिस, माणसं सात, ठरीव रक्कम ६,०००. (‘पेटी कॅश’ हे नाव लोखंडी पेटीवरून पडलं असं इथं सगळ्यांना वाटतं. वाटू द्या, पेटीला कुलूप तरी लागतं.)

पद्धत चांगली आहे, कारण ती एका बेरजेवर उभी आहे. डब्यातली रोकड अधिक व्हाउचरांची बेरीज म्हणजे ६,०००, केव्हाही मोजा. ही बेरीज मोडते ती उचल चिठ्ठीनं. शिपाईमामांना झेरॉक्स आणि कुरिअरसाठी ५०० दिले, बिल संध्याकाळी येणार, तोवर डब्यात एक चिठ्ठी: ‘५०० उचलले’. चिठ्ठी म्हणजे व्हाउचर नव्हे, अन् रोकडही नव्हे. माझी सगळी कटकट या कागदावर आहे.

एका भरपाईचे आकडे देतो. डब्यात रोकड १,१३०. व्हाउचरं ४,३७० ची. एक चिठ्ठी ५०० ची. तिन्ही मिळून ६,०००, म्हणजे हिशेब जुळला. आता चेक कितीचा मागायचा? बहुतेक ठिकाणी कारकून सरळ वजाबाकी करतो, ६,००० वजा १,१३० म्हणजे ४,८७०, आणि साहेब सही करून मोकळे. इथंच फसगत होते. मागायचे ४,३७०, कारण खर्च तेवढाच झालाय. ४,८७० आणले की डब्यात रोकड पूर्ण ६,००० होते, वर पाचशेची चिठ्ठी असतेच. ठरीव रक्कम कुणी न वाढवता ६,५०० झाली. नंतर ती चिठ्ठी हरवली तरी मोजणी बरोबर सहा हजारच दाखवते, त्यामुळे पाचशे गेल्याचं कुणाला कळतसुद्धा नाही.

ओळखायची खूण टॅलीत आहे. व्हाउचरं F5 पेमेंटनं ‘पेटी कॅश’ लेजरमधून टाका आणि भरपाईचा चेक F4 कॉन्ट्रानं. भरपाईची नोंद झाल्या झाल्या लेजरची शिल्लक नेमकी ६,००० दिसली पाहिजे. ६,५०० दिसली तर चिठ्ठीची रक्कम चेकमध्ये घुसली असं समजा. आणि भरपाईचा चेक पुन्हा प्रवासखर्च, हमाली असा खर्चात टाकू नका. व्हाउचरं एकदा टाकलेली असतात, तोच खर्च दोनदा लागतो.

चिठ्ठीवर आमच्याकडचा नियम साधा. चिठ्ठीवर नाव, तारीख, वेळ आणि सही. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत. एका माणसाची पहिली चिठ्ठी फिटल्याशिवाय दुसरी नाही. बिल ४३० चं आलं तर व्हाउचर ४३० चं करायचं, ७० रुपये डब्यात परत घ्यायचे आणि चिठ्ठी त्याच्यासमोर फाडायची. चिठ्ठीवरच खोडून ४३० करू देऊ नका. पगारातली उचल या डब्यातून तर मुळीच नको, कितीही ‘ओ भाऊ, दोनच दिवस’ म्हटलं तरी.

आता त्या २७० चं. रोकड १,२८० आणि रजिस्टरात व्हाउचरं ४,४५०, म्हणजे ५,७३०. चिठ्ठी एकही नाही. आधी फरकाला ९ ने भागून बघायचं. २७० ला बरोबर भाग जातो, म्हणजे आकडे उलटेपालटे झाल्याची दाट शंका. मग सगळी व्हाउचरं नाही चाळायची, ज्यांचे आकडे उलटवले की २७० चा फरक पडेल तेवढीच काढायची. हमालीचं व्हाउचर सापडलं: वर ४१०, अक्षरी ‘चारशे दहा’, आणि रजिस्टरात १४०. दुरुस्तीनंतर ४,७२० अधिक १,२८०, पूर्ण ६,०००. हमालीला बिल नसतं, म्हणून अक्षरी रक्कम आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा एवढाच पुरावा. अक्षरी रकाना कोरा सोडणाऱ्या कारकुनाला दुसरा आधार राहत नाही. (अशा व्हाउचरावर रेव्हेन्यू स्टॅम्पचा हट्ट मात्र उगाच, तो ५,००० च्या वरच्या पावतीला लागतो.)

फरक सापडलाच नाही तर स्वतःच्या खिशातून घालून जुळवू नका आणि ‘चहापाणी’त ढकलू नका. ‘रोकड तूट’ म्हणून वेगळं व्हाउचर, त्यावर साहेबांची सही.

रकमेबद्दलचं माझं मत मधे बदललं. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर हमाली आणि ऑटोभाडं वाढलं, ६,००० अठरा तारखेलाच संपले. तेव्हा वाटलं, सरळ १०,००० करा. आता नको वाटतं. रोजचा खर्च सरासरी ३५० आहे. चेक, सही आणि बँक धरून दोन दिवस जातात, मधे दुसरा-चौथा शनिवार आला तर तीन. म्हणजे १,०५० हाताशी लागतात. म्हणून रोकड १,५०० वर आली की भरपाई मागायची, महिन्यातून साधारण दोनदा. मोठा डबा केला तर महिन्याची व्हाउचरं एकदम तपासावी लागतात आणि तोवर कोणता ऑटो कुठं गेला होता हे त्या माणसालाही आठवत नाही.

सगळ्यात महाग पडलेली चूक मात्र एसटीच्या तिकिटांची. मशीनमधून निघणारी तिकिटं थर्मल कागदाची असतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या कपाटात ठेवलेली तिकिटं जुलैत काढली तर पांढरी फटक. जालना ते संभाजीनगर प्रवासाचं व्हाउचर आहे, पण मागं चिकटवलेला कागद कोरा. उष्णतेनं अक्षर जातं, आणि सेलोटेप वा डिंक लावला तर आणखी लवकर. पेट्रोल पंपाच्या पावत्यांचंही तेच. उपाय फुकटातला: तिकीट आलं की त्याचा नंबर, तारीख आणि रक्कम व्हाउचरवर बॉलपेननं लिहायची, अन् तिकीट स्टेपल करायचं. आठवड्याची सगळी तिकिटं एका पानावर मांडून झेरॉक्स काढली तरी खर्च दोन रुपयांचा.

भरपाईचा चेक सहीला जाण्याआधी प्रत्येक व्हाउचरवर आणि त्यामागच्या बिलावरही ‘पैसे दिले’ शिक्का मारतो. नुसत्या व्हाउचरवर मारला तर बिल काढून नव्या व्हाउचरला लावता येतं.

मार्चअखेरीला १,५०० ची रेषा बघायची नाही. डब्यात ४,००० असले तरी ३१ मार्चला व्हाउचरं टॅलीत टाकून भरपाईची मागणी करायची, नाहीतर या वर्षाचा खर्च पुढच्या वर्षात जातो. त्या संध्याकाळी रोकड दोघांनी मोजायची, पाचशेच्या किती, शंभराच्या किती, नाणी किती असा तक्ता लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. चिठ्ठ्या ३० तारखेलाच बंद. शिपाईमामांना तसं सांगून झालंय. त्यांची एक १५० ची अजून डब्यात आहे.