शीर्षकात ‘ॲप्रॉक्सिमेशन’, आत साधा गुणाकार

बँक क्लार्कच्या पूर्व परीक्षेत गणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं मिळतात. माझी गाडी ॲप्रॉक्सिमेशनवर अडायची. म्हणून ‘डिजिटल सम ट्रिक, क्लार्क प्रीलिम्स, ॲप्रॉक्सिमेशन, मागच्या वर्षीचे प्रश्न’ असं एका व्हिडिओ कोर्सचं शीर्षक दिसलं आणि मी ९९९ रुपये भरले. शीर्षकात पद्धत, विभाग, उदाहरणाचा प्रकार, सगळं होतं. पैसे अभ्यासिकेच्या फीसाठी घरून आलेले होते.

आत पहिलंच उदाहरण होतं ३४७ × ६८. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, पुन्हा १ + ४ म्हणजे ५. ६८ चीही ५. पाच पंचे पंचवीस, म्हणजे ७. पाच पर्यायांत अंकांची बेरीज ७ येणारा एकच, २३५९६. चार सेकंदांत उत्तर! मी खूश होऊन असे तीसेक प्रश्न सोडवले.

सराव चाचणीत प्रश्न आला: ३४७.०२ × ६७.९८ = सुमारे किती? पर्याय २२८००, २३२००, २३६००, २४०००, २४४००. बेरीज ७ येते फक्त २३२०० ची. मी तेच निवडलं. बरोबर उत्तर २३६०० होतं. अंकांच्या बेरजेची पद्धत नऊने भागल्यावर उरणारी बाकी तपासते. ती अचूक उत्तरालाच लागू पडते. संख्या जवळच्या शेकड्याला आणली की बाकी बदलू शकते. म्हणजे ही पद्धत ॲप्रॉक्सिमेशनला चालूच शकत नाही आणि विकणाऱ्याला हे माहीत असणारच, कारण आत ॲप्रॉक्सिमेशनचं एकही उदाहरण नव्हतं.

मग मी त्याच्या गुणाकाराचे पर्याय पुन्हा पाहिले. २३४९६, २३६९६, २२५९६, २४५९६. एकाचाही बरोबर उत्तराशी फरक नवाच्या पटीत नाही, म्हणून ट्रिक हमखास चालते. त्याजागी २३९५६ किंवा २३६८६ ठेवून बघा. दोन्हींची बेरीज ७ आणि शेवटचा अंकही ६, मग गुणाकार केल्याशिवाय सुटका नाही. उदाहरण ट्रिकसाठी बेतलेलं होतं. ‘मागच्या वर्षीचे प्रश्न’ म्हणावं, तर आयबीपीएस प्रश्नपत्रिका प्रसिद्धच करत नाही. बाहेर फिरतात ते उमेदवारांनी आठवून सांगितलेले प्रश्न.

विकणाऱ्याच्या कोर्सची यादी नीट पाहिली तेव्हा आणखी एक उघड झालं. क्लार्क, पीओ आणि एसएससी अशा तीन शीर्षकांखाली ११ मिनिटं ४२ सेकंदांचा एकच व्हिडिओ होता. फक्त परीक्षेचं नाव बदललेलं.

पैसे परत मागितले तर ‘एकदा उघडलेला कोर्स परत घेत नाही’ एवढंच उत्तर आलं. शीर्षकांचे आणि कालावधीचे स्क्रीनशॉट काढून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तुम्हीही ॲप्रॉक्सिमेशनच्या नावावर असं काही घेत असाल, तर आधी मोफत नमुना मागा आणि त्यात दशांशाची संख्या दिसते का तेवढं बघा. माझ्या कोर्समध्ये शेवटपर्यंत एकही दशांश चिन्ह आलं नाही.