रात्री बारानंतर लँड होताना बस, ट्रेन, प्रीपेड टॅक्सी: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

कामामुळे माझी बरीचशी फ्लाइट्स शेवटची असतात, म्हणजे उतरतानाच तारीख बदललेली असते. तिकीट काढायच्या आधीच पुढची सोय आहे का ते बघायची सवय आता पक्की झाली आहे. मॅप ॲप, ट्रेनवाल्यांचं टाइमटेबल, एअरपोर्टवरचा प्रीपेड काउंटर आणि आधी बुक केलेली कॅब हे सगळं बरेच महिने वापरून झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक उदाहरण घेऊ. शुक्रवारी रात्री निघालेलं फ्लाइट शनिवारी 00:25 ला उतरणार, आणि एअरपोर्ट स्टेशनवरून शेवटची ट्रेन 01:05 ला. बुकिंग करताना बघितलं तर चाळीस मिनिटं हातात दिसतात आणि वाटतं की जमेल. पण 00:25 ही विमान येऊन थांबायची वेळ, त्यानंतर दार उघडून मागच्या रांगेतून बाहेर पडायला दहा-पंधरा मिनिटं, इमिग्रेशन असेल तर ती लाइन, मग बेल्टवर बॅग, मग स्टेशनपर्यंतची चाल आणि तिकिटाचं मशीन. मी फक्त हँडबॅग आणि डोमेस्टिक असेल तर अर्धा तास धरतो, बॅग चेक-इन केली असेल तर पाऊण तास, इंटरनॅशनल असेल तर सव्वा तास. म्हणजे या उदाहरणात हँडबॅग असेल तरच 00:55 ला प्लॅटफॉर्मवर, तेही फ्लाइट वेळेवर आलं तर. फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर त्याच नंबरच्या फ्लाइटची मागच्या काही दिवसांची प्रत्यक्ष उतरायची वेळ दिसते, ती नक्की बघा, कारण दिवसभर तेच विमान फिरत असतं आणि सकाळपासूनचा उशीर साठत साठत शेवटच्या फ्लाइटवर येतो. तिथे रोज वीस मिनिटं लेट दिसलं तर ती ट्रेन नाहीच असं समजून पुढचं बघायचं.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते, तारीख. कॅलेंडरप्रमाणे 01:05 ही शनिवारची वेळ आहे, पण ट्रेनवाल्यांच्या हिशोबात ती शुक्रवारच्या दिवसाची शेवटची गाडी. त्यांचा दिवस मध्यरात्री संपत नाही, शेवटची गाडी डेपोत गेली की संपतो. ॲप्सना जो टाइमटेबलचा डेटा जातो, जीटीएफएस नावाचा, त्यात तर ही वेळ चक्क 25:05:00 अशी लिहितात, शुक्रवारच्याच खात्यात. त्यामुळे ॲपमध्ये शोधताना तारीख शनिवारची टाकायची, पण पीडीएफ टाइमटेबल किंवा स्टेशनवरचा बोर्ड वाचताना रकाना शुक्रवारचा बघायचा. उलटं केलं की भलतंच उत्तर येतं, आणि बऱ्याच शहरांत वीकेंडला रात्रीच्या गाड्या जास्त असतात, म्हणून हा फरक नुसता पाच-दहा मिनिटांचा राहत नाही. रविवारी रात्री निघून सोमवारी 00:25 ला उतरणाऱ्याला वीकेंडच्या रात्रीची गाडी मिळेलच असं नाही.

मॅप ॲप याबाबतीत एकंदर चांगलं आहे, फक्त वेळ आणि तारीख हाताने बदलावी लागते, नाहीतर ते आत्ताचाच रूट दाखवतं आणि दुपारी शोधणाऱ्याला वाटतं की दर दहा मिनिटांनी बस आहे. मी बाहेर पडायची वेळ टाकतो, 00:25 नाही तर 01:10, आणि मग अजून एकदा 01:40 टाकून बघतो. दोन्ही वेळांना पर्याय आला तर ठीक. दुसऱ्या वेळेला ॲपने पहाटे पाचची गाडी दाखवली तर समजायचं की मध्ये काही नाही, कारण ॲप "सेवा बंद आहे" असं ठळक लिहीत नाही, सरळ पुढची जी असेल ती देतं. म्हणून गाडी निघायची वेळ बघायची. बदली असेल तर दुसरी गाडीही तेवढ्या रात्री चालू आहे का तेही तपासा, एअरपोर्टहून शहरात पोचलो आणि पुढची लाइन बंद असं होऊ शकतं. दुरुस्तीसाठी रात्रीच्या गाड्या रद्द होतात ते ॲपमध्ये कधीकधी उशिरा येतं, म्हणून आदल्या दिवशी ऑपरेटरच्या साइटवरची सूचना वाचतो.

प्रीपेड काउंटर मला मनापासून आवडतो, कारण भाडं आधी ठरतं आणि रात्री दीडला घासाघीस नको असते. पण साइटवर चोवीस तास लिहिलेलं असलं तरी खरंच माणूस बसतो का हे वेगळं. माझा उपाय साधा आहे: जायच्या आधी एक-दोन रात्री, त्याच वेळेला म्हणजे एक वाजता, काउंटरच्या नंबरवर फोन करतो. कोणी उचलला तर दोनच प्रश्न, या वेळेला गाड्या असतात का आणि रात्रीचा जादा आकार पावतीत धरलेला असतो का. काही ठिकाणी काउंटर आतच असतो, बॅगेज बेल्ट आणि बाहेरच्या दाराच्या मधे, बाहेर पडल्यावर परत आत सोडत नाहीत, म्हणून जागाही विचारून ठेवा. पावतीवर गाडीचा नंबर असेल तर तो जुळवूनच बसायचं, आणि ड्रायव्हरची पावती उतरल्याशिवाय हातात द्यायची नाही, कारण ती दाखवूनच त्याला पैसे मिळतात आणि अर्ध्या रस्त्यात उतरवायचा प्रश्नच येत नाही.

आधी बुक केलेल्या कॅबचा अनुभव मिश्र. एका कंपनीच्या फॉर्ममध्ये फ्लाइट नंबर विचारला, पण फुकट थांबायचा वेळ मात्र मी टाकलेल्या पिकअपच्या वेळेपासूनच मोजला, प्रत्यक्ष लँडिंगपासून नाही, आणि फ्लाइट लेट झाल्यावर ड्रायव्हर निघून गेला होता. तेव्हापासून अटींमध्ये वेटिंग कशापासून मोजतात एवढी एक ओळ आधी वाचतो. तारीखही कन्फर्मेशनमध्ये वारासकट वाचायची, शनिवार 00:25 असं. शुक्रवार 00:25 लिहिलं असेल तर गाडी चोवीस तास आधी येऊन जाईल. फ्लाइट बदलून दुसऱ्या नंबरवर टाकलं तर तो नवीन नंबर कॅबवाल्याला आपणच कळवायचा, ते जुनाच ट्रॅक करत बसतात.

हॉटेलचं थोडक्यात: शनिवारी 00:25 ला उतरत असाल तर रूम शुक्रवारच्या रात्रीची हवी, आणि उशिरा येतोय असा मेसेज आधी टाकायचा, नाहीतर आलेच नाहीत म्हणून बुकिंग रद्द होऊ शकतं.

आणि ट्रेनही गेली, काउंटरही बंद निघाला तर पहिली गाडी येईपर्यंत टर्मिनलमध्ये थांबायचं हा पर्याय मी ठेवतो, पण तो गृहीत धरायचा नाही. काही टर्मिनल्स शेवटच्या फ्लाइटनंतर बंद करतात आणि सगळ्यांना बाहेर काढतात, त्यामुळे अराईव्हल हॉल रात्रभर उघडा असतो का हेही मी त्याच रात्री एकच्या फोनवर विचारून घेतो. "नाही" असं उत्तर आलं तर सरळ आधीचं फ्लाइट बघतो, तिकीट थोडं महाग पडलं तरी.