व्हिजिटिंग कार्डाचं प्रूफ: व्हॉट्सॲपवरचा फोटो, पीडीएफ की हातातली प्रिंट?

प्रेसवाला कच्ची प्रिंट काढतो, टेबलावर ठेवून मोबाइलने फोटो काढतो आणि पाठवतो: "चेक करून ओके द्या." तेवढ्यावर ओके द्यायचं, पीडीएफ मागायची, की दुकानात जाऊन प्रिंट हातात घ्यायची? माझं मत काम कसं छापलं जाणार यावर ठरतं. शंभर कार्डं डिजिटल मशीनवर निघणार असतील, तर नीट काढलेला फोटो पुरतो, कारण चूक राहिली तरी नव्याने काढता येतात. हजार कार्डांचं मल्टिकलर ऑफसेट काम असेल, तर फोटोसोबत पीडीएफ हवीच. तिथे तुमचं कार्ड इतरांच्या कार्डांबरोबर एकाच मोठ्या शीटवर लागतं आणि प्लेट निघाल्यावर एक मात्राही बदलत नाही.

आधी शुद्धलेखन. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये पाठवता. पण अनेक प्रेसमध्ये ऑपरेटर तो कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटात बदलून घेतो किंवा सरळ नव्याने टाइप करतो. या बदलात रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, जोडाक्षरं तुटतात. त्यामुळे "मी बरोबर पाठवलं होतं" याला अर्थ उरत नाही, छापलेलंच वाचावं लागतं. "आशीर्वाद"चं "आर्शिवाद" झालेलं फोटोतही कळतं. "दुरुस्ती"चं "दुरूस्ती" झालेलं मात्र सहसा कळत नाही. रु आणि रू यांत फरक एका छोट्या वळणाचा, आणि नेहमीसारखा पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं, त्यात ते वळण विरघळतं. म्हणून फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल तशीच येते. तरीही ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि बारीक अक्षरांसाठी पीडीएफ कितीतरी सरस; पाहिजे तेवढी मोठी करा, कडा धारदारच राहतात. एक काळजी घ्या: पीडीएफमध्ये फाँट बसवलेला नसेल, तर तुमच्या फोनवर वेगळीच अक्षरं दिसू शकतात. मजकूर "कर्व्ह" करून द्या, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून द्या, म्हटलं की ऑपरेटरला कळतं.

मांडणी तपासताना फोटो सर्वात जास्त फसवतो, पण पूर्ण निकामीही नाही. समजा, सदाशिव पेठेतल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाचं कार्ड आहे. फोटोत उजवीकडची मोकळी जागा डावीपेक्षा कमी दिसते. दोष कार्डाचा की फोनचा? फोटो स्क्रीनभर मोठा करा आणि कार्डाच्या डाव्या-उजव्या कडांची उंची पट्टीने मोजा. डावी 62 मिमी आणि उजवी 58 मिमी आली, तर फोन तिरका होता. उजवी कड फोनपासून लांब पडली, म्हणून ती बाजूच आखडलेली दिसते. अशा फोटोवरून समास सारखे आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी ठरवू नये.

पण तिरक्या फोटोतही दोन गोष्टी टिकतात. सरळ रेष सरळच राहते. म्हणून नाव, मोबाइल आणि पत्ता एकाखाली एक डावीकडून सुरू होत असतील, तर स्क्रीनवर कागदाची कड धरा; तिन्ही ओळी त्या कडेला टेकल्या तर रांग बरोबर. एखादी आत किंवा बाहेर असेल, तर तो दोष खरा. मराठी ओळीत शिरोरेखेचं टोक धरा, आकड्यांच्या ओळीत पहिल्या आकड्याची कड. दुसरी गोष्ट मध्याची. फोनच्या फोटो एडिटरमध्ये कार्डाचे समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या दोन रेषा काढा. त्या जिथे छेदतात तोच कार्डाचा खरा मध्य, फोटो कितीही तिरका असो. दुकानाचा लोगो मध्यावर हवा असेल, तर या छेदाशी तुलना करा. एक अट आहे: फोटो फार जवळून, वाइड लेन्सने काढलेला नको, कारण तेव्हा कडाच वाकतात. हातभर अंतरावरून, थोडं झूम करून, फोन बरोबर वर धरून काढलेला फोटो मागा.

समासाचा अचूक हिशोब पीडीएफमध्येच होतो. आपल्याकडचं रूढ माप 3.5 × 2 इंच. पार्श्वभूमीचा रंग कटिंगच्या रेषेबाहेर साधारण 3 मिमी गेलेला हवा आणि मजकूर रेषेच्या आत निदान तेवढाच. कटिंगमध्ये एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. कार्डाच्या अगदी कडेला बारीक चौकट असेल, तर ती काढून टाका, कारण तोच एक मिलिमीटर तिथे डोळ्यात खुपतो. फोटोतली कच्ची प्रिंट कटरने हाताने कापलेली असते, तिच्यावरून अंतिम कटिंगचा अंदाज लागत नाही.

आता संपर्काचा तपशील. इथे फोटो आणि पीडीएफ सारखेच, फरक तपासण्याच्या पद्धतीत आहे. छापलेलं वाचताना जे नाही ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून फोटो उघडण्याआधी कागदावर यादी करा: ग्राहकाला दुकानापर्यंत यायला आणि फोन करायला काय लागेल. मग यादीतली एकेक गोष्ट कार्डावर शोधा. रिवाइंडिंगच्या त्या कार्डावर यादीतलं "जवळची खूण" आणि "साप्ताहिक सुट्टी" नसेल, तर ते तेव्हाच समोर येतं. नुसतं वाचून आलं नसतं.

आकडे मोजा. मोबाइलला दहा, पिनकोडला सहा. 411030 चं 41130 झालेलं नजर बिनदिक्कत गिळते, कारण सुरुवात आणि शेवट बरोबर असतो. मोबाइल नंबर दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचावा आणि तुम्ही मूळ कागदावर बघावं. त्याहून चांगलं म्हणजे कार्डावर बघून डायल करा, रिंग दुकानातच वाजली पाहिजे. जीएसटी क्रमांक असेल, तर तो 15 अक्षरांचा, महाराष्ट्राच्या नोंदणीला 27 ने सुरू होणारा, पुढे दहा अक्षरं पॅनची. शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल फोटोत ओळखू येत नाही, म्हणून पॅनशी ताडून बघा. ईमेलखाली रेघ ओढलेली असेल, तर पत्त्यातला अंडरस्कोर तिच्यात बुडतो. ती रेघ काढायला लावा.

क्यूआर कोड फोटोवरून स्कॅन झाला, तर लिंक योग्य आहे एवढंच कळतं. पैशांचा असेल तर नाव कुणाचं येतं तेही बघा. छापील कार्डावर, दुकानाच्या उजेडात तो चालेल का, हे फक्त प्रिंटवर कळतं. दोन सेंटिमीटरहून लहान कोड, किंवा ज्याच्याभोवती पांढरी जागा सोडलेली नाही असा, मी प्रत्यक्ष स्कॅन केल्याशिवाय सोडत नाही. गडद रंगावर पांढरी बारीक मराठी अक्षरं असतील, तरही प्रेसमध्ये जाच: शाई पसरली की मात्रा आणि अनुस्वार आतून भरतात. दोन्ही बाजू छापील असतील, तर प्रिंट हातात घेऊन उलटा. मागची बाजू उलटी लागलेली सुट्या दोन फोटोंत कधीच दिसत नाही.

दुरुस्ती सांगताना फोटोवर गोल करून पाठवा आणि बाजूला योग्य शब्द टाइप करा. बोलून सांगितलेली वेलांटी पोहोचत नाही. सुधारून आलेला फोटो फक्त गोल केलेल्या जागेपुरता बघू नका. पिनकोडमध्ये एक शून्य वाढला की पत्त्याची ओळ लांबते, ती बसवायला ऑपरेटर अक्षर लहान करतो किंवा ओळ तोडतो आणि जुळलेली रांग पुन्हा बिघडते. कधी फाइल जुनीच उघडली जाते आणि आधी सुधारलेली चूक परत येते. म्हणून ओके देताना फाइलचं नाव लिहा आणि छपाईला तीच पीडीएफ जाईल, असं प्रेसकडून लेखी घ्या.