ब्रॉंकस की ब्रॉंकिओल? स्लाइडवर कसं ओळखायचं

पहिल्यांदा भिंतीत कूर्चा शोधा. फुप्फुसाच्या आतल्या ब्रॉंकसमध्ये तिचे सुटे तुकडे दिसतात, श्वासनलिकेसारखी इंग्रजी सी अक्षराची कडी नव्हे. ब्रॉंकिओलमध्ये कूर्चा नसतेच. पण छेद दोन तुकड्यांच्या मधून गेला, तर लहान ब्रॉंकसही ब्रॉंकिओल वाटतो. इथेच बरेच जण फसतात. अशा वेळी स्नायूच्या बाहेर ग्रंथी पाहा: त्या दिसल्या तर ब्रॉंकसच.

अस्तरही बदलतं. ब्रॉंकसमध्ये ते आभासी बहुस्तरीय, रोमक, गॉब्लेट पेशींसह असतं. ब्रॉंकिओलमध्ये ते बुटकं होत घनाकार होतं, गॉब्लेट पेशी संपतात, घुमटासारख्या माथ्याच्या क्लब पेशी येतात. भिंतीच्या मानाने स्नायू मात्र ब्रॉंकिओलमध्येच जास्त. आधाराला कूर्चा नसल्याने तो आकुंचला की नळी सहज अरुंद होते.