आठ महिने क्रिएटिन, ७४ किलो गट आणि सकाळचा काटा

मी गादीवरची कुस्ती ७४ किलोत खेळतो. पोटभर जेवत असताना वजन ७६.८ च्या आसपास असतं. एवढं उतरवायची सवय आहे: तीन आठवडे भाकरी-भात कमी, शेवटचे दोन दिवस मीठ आणि पाणी कमी, की काटा बसतो. आठ महिन्यांपूर्वी ताकदीसाठी घेतात ती साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटची पावडर सुरू केली आणि हा हिशेब पार बिघडला.

डब्यावर लिहिल्याप्रमाणे पहिले सहा दिवस रोज २० ग्रॅम घेतलं, पाच-पाच ग्रॅम चार वेळा. सातव्या दिवशी सकाळी काट्यावर ७८.५. खाण्यात काहीच बदल नव्हता. स्नायूंत क्रिएटिन साठतं तेव्हा ते सोबत पाणी ओढून घेतं, हे मला नंतर कळलं. आमचं घर माळकरी. क्रिएटिन जेवणातून मिळतं ते मुख्यतः मटण-मासळीतून, त्यामुळे माझ्यासारख्याचा साठा मुळातच कमी असतो आणि पावडर घेतल्यावर तो जास्त भरतो. तालमीतल्या मटण खाणाऱ्या जोडीदाराचं वजन त्याच डोसावर एक किलोही वाढलं नाही.

फायदा झाला, तो नाकारणार नाही. पाय धरून पाडायच्या एका पटात दम संपत नाही. पहिला पट अडवला की लगेच दुसरा, मग तिसरा मारताना पाय जड होतात. तिथे फरक जाणवला. डमी उचलून टाकायचा आमचा व्यायाम तीस सेकंदांचा. शेवटच्या सेटमध्ये माझे नऊ व्हायचे, चौथ्या आठवड्यापासून अकरा व्हायला लागले.

चूक पुढे झाली. निवड चाचणीच्या आठ दिवस आधी पावडर बंद केली. वाटलं, बंद केली की पाणी आपोआप जाईल. तसं होत नाही. भरलेला साठा मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. दोन दिवस आधी रात्री मी एरवी ७५.४ वर असतो, त्या वेळी ७६.९ होतो. मग प्लास्टिकचं जाकीट, वर स्वेटर, आणि मैदानाला फेऱ्या. सकाळी ७३.९ भरलं. दोन तासांनी पहिली कुस्ती, दुसऱ्या फेरीत पोटरीत गोळा आला आणि हरलो. वस्ताद म्हणाले, "पावडरीनं आलेलं बळ जाकिटात सांडलंस." खरं तर क्रिएटिन स्नायूंतच होतं. घामाला मात्र फक्त स्नायूंत साठलेलं जादा पाणी निवडून काढता येत नाही. तो सगळ्या शरीराचं पाणी नेतो, रक्तातलंसुद्धा. म्हणजे जादा दीड किलोची किंमत मी रक्ताकडून वसूल केली.

जाकिटाचा हा खेळ जीवघेणा आहे. १९९७ साली अमेरिकेत महिनाभरात तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना गेले. आधी संशय क्रिएटिनवर आला होता. तपासात कारण निघालं ते उष्णतेत घाम गाळणं आणि शरीर कोरडं पडणं.

चाचणीनंतर पावडरीला हात लावला नाही आणि रोज सकाळी वजन लिहून ठेवलं. बंद केल्यापासून पाचव्या आठवड्यात पुन्हा ७६.९ दिसलं. तेव्हा कुठे माझा कालावधी मला कळला. पुढच्या वेळी सुरुवातीचा मोठा डोस टाळून रोज तीनच ग्रॅम घेतले. वजन महिनाभरात हळूहळू १.२ किलो वाढलं. स्पर्धेच्या सहा आठवडे आधी बंद केलं आणि जाकीट न घालता ७४ भरलं. डमीचे अकरा मात्र दहावर आले. म्हणजे शेवटच्या दिवशी पावडरीची ताकद सोबत नव्हतीच; मधल्या महिन्यांत तिच्या जोरावर जास्त सराव झाला, तेवढीच कमाई.

मोठ्या स्पर्धांत ही अडचण दुप्पट होते. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत एक गट दोन दिवस चालतो आणि अंतिम फेरीवाल्यांचं वजन दुसऱ्या सकाळी पुन्हा होतं. पॅरिसमध्ये विनेश फोगाट त्याच दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅमनं अडकली. तिथे किलोभर पाणी अंगावर घेऊन जाणं मला तरी परवडणारं नाही.

मध्येच रक्त तपासलं तर मूत्रपिंडासाठी बघतात ते क्रिएटिनिन थोडं जास्त आलं आणि घरचे घाबरले. क्रिएटिन घेतल्यानं हा आकडा वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांना पावडरीचं आधी सांगा. बंद केल्यावर माझा खाली आला. क्रिएटिन बंदी यादीत नाही, पण दहा गोष्टी मिसळलेली पावडर घेऊ नका. आत काय आहे हे आपल्याला कळत नाही आणि डोप चाचणीत जबाबदारी पैलवानाचीच.

माझा गुरुबंधू ७९ किलोत खेळतो, त्याचं जेवतं वजन ७७.६. तीन ग्रॅमवर तो ७८.८ ला थांबला. तो वर्षभर घेतो, स्पर्धेच्या सकाळीसुद्धा. मी आता वर्षात दोनदाच डबा उघडतो.