पहिल्या संदेशात इमोजी: जळगावच्या एका पदासाठी तीन मसुद्यांची तुलना

लिंक्डइनवर अनोळखी उमेदवाराला पहिला संदेश लिहिताना इमोजी ठेवावा की नाही, हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडच्या कारखान्यांसाठी भरती करणाऱ्यांपुढे वरचेवर येतो. पुण्यात किंवा नाशकात स्थिरावलेल्या माणसाला परत खान्देशात बोलवायचे असते, त्यामुळे संदेश सरकारी पत्रासारखा कोरडा वाटू नये असे वाटणे साहजिक आहे. दुसरीकडे, त्याच उमेदवाराच्या मोबाइलवर ‘घरबसल्या कमवा’ छापाचे फसवे संदेशही येत असतात आणि ते पैशांच्या पिशव्या, ज्वाळा आणि हिरव्या बरोबरच्या खुणांनी भरलेले असतात. आपला संदेश या दोन टोकांच्या मधे कुठे पडतो, हे ठरवण्यासाठी एकच पद घेऊन तीन मसुदे शेजारी ठेवून पाहू.

समजा, जळगाव एमआयडीसीतील पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्याला गुणवत्ता विभागप्रमुख हवा आहे. उमेदवार मूळच्या चोपड्याच्या, अभियांत्रिकीचे शिक्षण जळगावात, आणि गेली दहा वर्षे चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम. त्या नोकरी शोधत नाहीत. शिफ्ट संपल्यावर बसमध्ये मोबाइल उघडतील, तेव्हा त्यांना आपल्या नावाखाली संदेशाचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतील, आणि संदेश उघडायचा की नाही हे त्या तेवढ्यावर ठरवतील.

पहिला मसुदा असा:

> नमस्कार मॅडम. जळगाव एमआयडीसीतील पीव्हीसी पाइप कारखान्यासाठी गुणवत्ता विभागप्रमुख शोधत आहे. आयएस ४९८५ नुसार पाइपची दाबचाचणी आपण स्वतः पाहता, असे आपल्या प्रोफाइलवरून दिसले, म्हणून लिहीत आहे. वेतन वार्षिक ९ ते ११ लाख, काम दिवसपाळीचे. जळगावला परतण्याचा विचार असेल तर या आठवड्यात दहा मिनिटे बोलता येईल का? नसेल, तर तसे कळवले तरी चालेल.

दुसऱ्या मसुद्यात शब्द तेच, फक्त शेवटी 🙏 आहे. तिसरा मसुदा असा:

> हाय मॅडम 👋 तुमच्यासाठी जबरदस्त संधी 🚀🔥
> 📍 जळगाव
> 💼 क्वालिटी हेड
> 💰 पगार अनुभवानुसार 😊
> ✅ लगेच जॉइनिंग
> इंटरेस्टेड असाल तर सीव्ही पाठवा 👍

तिसऱ्या मसुद्याबाबत फार वेळ घालवण्याची गरज नाही, पण तो नेमका कशामुळे फसतो हे समजून घेणे उपयोगाचे आहे. ओळीच्या सुरुवातीला 📍, 💼, ✅ लावण्याची पद्धत व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नोकरीच्या गटांतून आली आहे आणि तिथे ती सोयीचीच आहे, कारण तिथला मजकूर शेकडो जणांसाठी असतो व प्रत्येकाला आपल्या कामाची ओळ चटकन शोधायची असते. तीच मांडणी खासगी संदेशात आली की वाचणाऱ्याला एवढेच कळते की हा मजकूर आपल्यासाठी लिहिलेला नाही, कुठून तरी उचलून चिकटवला आहे. मोबाइल वाचून दाखवणारी सुविधा वापरणाऱ्या उमेदवाराला तर प्रत्येक चिन्हाचे नाव मोठ्याने ऐकावे लागते, आणि हलणारा हात, रॉकेट, ज्वाळा एवढे ऐकल्यावरही पद कोणते ते कळत नाही. 👋 बद्दलही एक सांगावेसे वाटते: आपल्याकडे हात हलवणे हे निरोपाचे चिन्ह अधिक आहे, नमस्काराचे कमी. दहा वर्षे अनुभवाच्या बाईंना अनोळखी माणसाने हात हलवून सुरुवात करणे सलगीचे वाटते.

मात्र त्या मसुद्यातले सर्वांत महागात पडणारे चिन्ह रॉकेट नव्हे, तर ‘पगार अनुभवानुसार’ यापुढचे 😊 आहे. आकडा सांगायचे टाळले आहे आणि टाळल्यावर हसले आहे, असा त्या ओळीचा अर्थ होतो. हाच चेहरा ‘आपल्या उत्तराची वाट पाहत आहे’ यापुढे ठेवला तर तो गोड शब्दांतला तगादा होतो. ‘आपले शिक्षणही जळगावातच झाले आहे हे पाहून आनंद झाला’ या वाक्यापुढे तो ठेवला तर खटकत नाही, कारण वाक्यात आनंद आधीच सांगितलेला आहे आणि चेहरा तेवढाच दुजोरा देतो. इमोजीला स्वतःचा सूर फारसा नसतो. ज्या वाक्याला तो चिकटतो त्याचा सूर तो गडद करतो. वाक्य मोघम असेल तर मोघमपणा गडद होतो, वाक्य आपुलकीचे असेल तर आपुलकी. म्हणून इमोजी किती हवेत यापेक्षा ते कोणत्या वाक्याच्या शेपटीला आहेत, हे आधी पाहावे. तरीही, पुरुष भरती अधिकाऱ्याने अनोळखी महिला उमेदवाराला गावाच्या उल्लेखापुढे हसरा चेहरा पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका माणसाला जे मोकळेपण वाटते, ते दुसऱ्याला आगाऊपणाचे वाटू शकते, आणि पहिल्या संदेशात खुलासा करायला जागा नसते.

आता खरी निवड पहिल्या व दुसऱ्या मसुद्यात आहे. 🙏 च्या बाजूने बरेच काही सांगता येते. आपल्या भागात तो सर्व वयांत चालतो, त्यात सलगी नाही, आणि वयाने मोठ्या माणसाला लिहिताना तो अदब दाखवतो. पन्नाशीच्या प्लांट मॅनेजरला लिहिलेल्या संदेशात तो शोभूनही दिसतो. अडचण अशी की तोच हात जोडलेला इमोजी आभारासाठी, विनवणीसाठी आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या शब्दांपुढेही येतो, त्यामुळे त्याचा अर्थ सर्वस्वी जागेवर अवलंबून राहतो. ‘नमस्कार मॅडम 🙏’ असे सुरुवातीला लिहिले तर तो अभिवादनाचा भाग होऊन जातो. ‘दहा मिनिटे बोलता येईल का 🙏’ असे लिहिले की तीच अदब विनवणी होते आणि कारखान्याला माणूस मिळत नसावा असा वास येतो. वरच्या दुसऱ्या मसुद्यात तो ‘तसे कळवले तरी चालेल’ यानंतर आहे. तिथे उमेदवाराला नकाराची मोकळीक नुकतीच दिली होती, ती चिन्हाने अर्धी परत घेतली जाते. म्हणजे दुसरा मसुदा वापरायचाच असेल तर चिन्ह शेवटून उचलून सुरुवातीला न्यावे.

इमोजीने जवळीक वाढते, ही समजूतही एकदा तपासून पाहावी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायल व नेदरलँड्समधील संशोधकांनी कामाच्या संदर्भातील, अनोळखी माणसाकडून आलेल्या पहिल्या ईमेलमधला हसरा चेहरा लोकांना कसा वाटतो हे पाहिले. चेहऱ्यामुळे लिहिणारा अधिक आपुलकीचा वाटला नाही, उलट तो कामात कमी जाणकार वाटला, आणि त्याला पाठवलेल्या उत्तरांत तपशीलही कमी दिला गेला. संदर्भ अनौपचारिक असेल तर हा तोटा तसा राहिला नाही. तो अभ्यास ईमेलचा होता आणि लिंक्डइन त्यापेक्षा थोडे सैल आहे, हे धरूनही आपल्या उमेदवाराच्या बाबतीत तो लागू पडतो असे मला वाटते, कारण पद विभागप्रमुखाचे आहे आणि त्यांना आपल्याकडून पहिली खात्री हवी आहे ती या माणसाला काम कळते का याची. ती खात्री ‘आयएस ४९८५’ या उल्लेखातून मिळते. कारखाना खरा आहे हे ठिकाण, पाळी आणि पगाराचा आकडा यांतून कळते. आपुलकी ‘नसेल, तर तसे कळवले तरी चालेल’ या वाक्यात आहे.

निष्कर्ष पदानुसार बदलतो. पद नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या पदवीधरासाठी, समाजमाध्यमांच्या कामाचे असेल आणि उमेदवाराने प्रोफाइलवर आपल्या नावाखालच्या ओळीतच इमोजी ठेवले असतील, तर सुरुवातीचे एखादे 🙂 किंवा 😊 चालून जाते. दोहोंतही 😊 बरा, कारण 🙂 कडे अनेक तरुण ओठ आवळून हसल्यासारखे पाहतात, तर मोठ्या वयाची माणसे त्याला साधे हसू समजतात. 😉 कुठल्याही पदासाठी, कुठल्याही वयाला नको.

तरीही संदेश कोरडा वाटला तर काय बदलावे? बहुतेक वेळा कोरडेपणा इमोजी नसल्याने आलेला नसतो. ‘आपले प्रोफाइल आवडले’ हे वाक्य कुणालाही पाठवता येते, म्हणून ते कोरडे लागते, आणि त्यामागे चेहरा जोडल्याने ते ओले होत नाही. त्या जागी दाबचाचणीचा उल्लेख आला की संदेश एकाच व्यक्तीचा होतो. ओळखीची विनंती पाठवताना सोबतच्या टिपणाला फार तर ३०० अक्षरांची मर्यादा असते, विनामूल्य खात्याला त्याहून कमी; तिथे पद, ठिकाण आणि तो एक नेमका उल्लेख एवढेच बसते. चिन्हांसाठी जागा काढली तर यांतले काहीतरी जाते.

कोणता मसुदा चालला, हे मोजताना एक चूक सर्रास होते. एका पदासाठी आपण वीस-पंचवीस जणांना लिहितो. त्यात एका मसुद्याला पाच आणि दुसऱ्याला सात उत्तरे आली, तर तो फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो आणि त्यावरून इमोजीबद्दल काहीच ठरत नाही. शिवाय इनमेलचा क्रेडिट ९० दिवसांत कोणतेही उत्तर आले तरी परत मिळतो, मग तो नकार का असेना, त्यामुळे परत आलेल्या क्रेडिटच्या संख्येवरून संदेश पटला की नाही हे कळत नाही. त्यापेक्षा उत्तरातला पहिला प्रश्न वाचावा. ‘कंपनीचे नाव काय? काही पैसे भरावे लागतील का?’ असे विचारले गेले, तर संदेश फसव्या संदेशांच्या रांगेत जाऊन बसला आहे. नुसता 👍 आला, तर जेवढी मेहनत आपण घेतली तेवढीच समोरच्याने घेतली आहे. ‘प्रयोगशाळा कारखान्यातच आहे का, हाताखाली किती माणसे असतील?’ असे आले, तर वाचणाऱ्याने पदाचा विचार सुरू केला आहे.

चोपड्याच्या आपल्या उमेदवाराला मी पहिलाच मसुदा पाठवेन, आणि चाकणच्या त्याच विभागातील त्यांच्या वयस्क वरिष्ठांना लिहायचे झाले तर ‘नमस्कार सर 🙏’ अशी सुरुवात करून बाकी मजकूर तसाच ठेवेन. बाईंच्या उत्तरात 😊 आले, तर पुढच्या संदेशात, मुलाखतीची वेळ ठरल्याच्या वाक्यापुढे, तेच एक चिन्ह परत द्यायला हरकत नाही. त्यांनी वापरले नाही, तर मुलाखत होईपर्यंत आपणही वापरू नये.